रेघा मोजून बॅट घेऊ नका

गेल्या लेखातल्या विलोच्या ग्रेडबद्दलच्या दोन वाक्यांवर आलेल्या पत्रांमध्ये एक प्रश्न असा आहे की त्याला अख्खा लेख द्यायला हवा. पत्रलेखकांचा मुलगा तेरा वर्षांचा, उंची पाच फूट एक इंच, शाळेच्या संघातून सीझन बॉलवर खेळणारा. दुकानदाराने दोन बॅटी समोर ठेवल्या. एक ‘ग्रेड १’, पांढरीशुभ्र, तोंडावर दहा सरळ रेघा, फुल साइज म्हणजे शॉर्ट हँडल, वजन १२०० ग्रॅमच्या आसपास. दुसरी ‘ग्रेड ३’, सहाच रेघा, एका कडेला तपकिरी पट्टा, साइज ६, वजन १०७० ग्रॅम आणि किंमत पहिलीच्या निम्म्याहून कमी. मुलाचं मन पहिलीवर आहे, वडिलांचं पाकीट दुसरीकडे ओढतंय. दोघांतलं बरोबर कोण, असा त्यांचा सवाल आहे. माझं मत पाकिटाच्या बाजूने आहे, आणि ते काटकसरीमुळे नाही.

ग्रेड म्हणजे नेमकं काय, ते आधी पाहू. इंग्लिश विलोचं खोड चिरून जे ओबडधोबड फाळके निघतात त्यांना क्लेफ्ट म्हणतात. मेरठ-जालंधरच्या कारखान्यांत हे क्लेफ्ट इंग्लंडहून येतात. एसेक्समधली जे. एस. राइट अँड सन्स ही पेढी १८९४ पासून हाच धंदा करते, आणि जगातल्या बहुतेक नावाजलेल्या कंपन्या तिच्याकडून लाकूड घेतात. क्लेफ्टची प्रतवारी होते ती मुख्यतः डोळ्यांनी. रेघा सरळ आणि सारख्या अंतरावर आहेत का, गाठ आहे का, ठिपके-डाग आहेत का, मधल्या गाभ्याचं तपकिरी लाकूड किती आलंय, हे पाहून ढीग वेगळे केले जातात. त्या वेळी क्लेफ्टवर चेंडू मारून कोणी पाहत नाही. शिवाय ही ग्रेड सगळ्या कंपन्यांना बांधलेली नाही. एकाची दोन नंबर दुसऱ्याकडे एक नंबर म्हणून विकली जाऊ शकते, आणि ‘प्लेअर्स’, ‘लिमिटेड’ ही नावं तर ज्याची त्याने ठरवलेली. म्हणजे ग्रेड आपल्याला लाकडाचं रूप सांगते. स्ट्रोक कसा आहे, ते तिला ठाऊक नसतं.

रेघांचंही तसंच. एक रेघ म्हणजे झाडाचं वाढीचं एक वर्ष. दहा रेघांचं लाकूड सावकाश वाढलेल्या झाडाचं, सहा रेघांचं भराभर वाढलेल्या झाडाचं. दाट रेघांची बॅट लवकर ‘उघडते’, म्हणजे थोड्याच नेटमध्ये चेंडू तिच्यावरून उसळून जायला लागतो, पण ती साधारणपणे लवकर थकतेही. विरळ रेघांच्या बॅटला उघडायला वेळ लागतो आणि मग ती टिकते. वर्षाला सहा बॅटी मिळणाऱ्या व्यावसायिक खेळाडूने पहिली पसंत करावी हे ठीक आहे. शाळकरी मुलाला एकच बॅट दोन हंगाम पुरवायची असते. कडेचा तपकिरी पट्टा हे गाभ्याकडचं, किंचित जड लाकूड. तो कडेला असेल तर चेंडूशी त्याची गाठ क्वचितच पडते. टाळायच्या गोष्टी वेगळ्या आहेत: चेंडू लागतो त्या भागातली गाठ, टोकाशी चीर, आणि डाग झाकायला केलेलं ब्लीच. काही वेळा काश्मीर विलोही ब्लीच करून इंग्लिश म्हणून खपवतात. फसव्या पांढऱ्या रंगाखाली रेघा पुसट दिसतात आणि त्या आकारमानाला बॅट हाताला जड लागते.

यावर कोणी म्हणेल, मग कंपन्या एक नंबरला इतके पैसे उगाच लावतात का? उगाच नाही. स्वच्छ क्लेफ्ट कमी निघतात, म्हणून ते महाग. पण बॅट कशी खेळेल हे मोठ्या प्रमाणात ठरतं ते प्रेसमध्ये. क्लेफ्टचं तोंड रोलरखाली दाबून कठीण करतात. जास्त दाबलं तर बॅट ठोकळ्यासारखी मुकी होते, कमी दाबलं तर आठवड्यात खड्डे पडतात. हा अंदाज कारागिराचा असतो आणि तो स्टिकरवर छापलेला नसतो. स्टिकरचं तर बोलूच नये. तेंडुलकरच्या बॅटवर वर्षानुवर्षं टायर बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं, त्यावरून लाकडाविषयी काय समजणार? विश्वासाची नावं हवी असतील तर एसजी, एसएस, बीडीएम ही मेरठची आणि बीएएस हे जालंधरचं नाव पुरेसं आहे. पण त्याच कंपनीच्या, त्याच ग्रेडच्या तीन बॅटी शेजारी ठेवून तपासायला हव्यातच, कारण त्या तिघी सारख्या नसतात.

आता दुसरा, घरोघरी ऐकू येणारा आक्षेप: पोरगं वाढतंय, मोठी घ्या, दोन वर्षं जाईल. या सवयीने जितकी बॅटिंग बिघडते तितकी वाईट लाकडाने बिघडत नाही. पाच फूट एक इंचाच्या मुलाला साइज ६ योग्य, आणखी थोडी उंची वाढल्यावर हॅरो, आणि त्यानंतरच शॉर्ट हँडल. बॅट लांब असली की मुठी खाली सरकतात. जड असली की वरचा हात सोडून खालचा हात काम करू लागतो, सरळ येणारी बॅट आडवी येते आणि ड्राइव्ह हवेत जातो. दुकानातच पाहता येतं. फक्त वरच्या हाताने बॅट आडवी समोर धरायला सांगा. दहा सेकंदांत टोक खाली झुकलं तर ती बॅट त्याची नाही, ग्रेड कुठलीही असो.

वाचलेले पैसे हेल्मेटमध्ये घाला. इथे मात्र लेबलला अर्थ आहे. हेल्मेटच्या आत ‘बीएस ७९२८:२०१३’ हा ब्रिटिश मानकाचा क्रमांक शोधा. या मानकात चेंडू जाळीतून किंवा जाळी आणि पुढच्या टोपणाच्या फटीतून चेहऱ्यापर्यंत पोचतो का, हेही तपासलं जातं, आणि मोठ्यांच्या व मुलांच्या चेंडूंसाठी चाचणी वेगवेगळी असते. हा फरक महत्त्वाचा. मुलांचा चेंडू आकाराने लहान असल्याने मोठ्या चेंडूला अडवणारी फट त्याला वाट देऊ शकते. मुलगा दोन्ही चेंडूंवर खेळत असेल तर लेबलवर दोन्हींचा उल्लेख हवा. जाळी वर-खाली होणारी असेल तर ती कंपनीने सांगितलेल्या खाचेतच बसवा. नीट दिसावं म्हणून मुलं ती सैल करून खाली ओढतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये फिलिप ह्यूजला चेंडू लागला तो हेल्मेटच्या मागच्या बाजूला उघड्या मानेवर. म्हणून मानेचं संरक्षक वेगळं मिळत असेल तर तेही त्याच वेळी घ्या. आणि भावाचं जुनं, एकदा जोरात चेंडू बसलेलं हेल्मेट चालवून घेऊ नका. आतलं कवच दबलेलं बाहेरून दिसत नाही.

तेव्हा पत्रलेखकांनी सहा रेघांची ती साइज ६ घ्यावी, मात्र तशाच आणखी दोन मागवून. मुलाला सोबत न्या, वापरलेला एक सीझन बॉल खिशात ठेवा आणि दुकानदाराच्या परवानगीने तिन्ही बॅटींच्या मध्यावर तो हलकेच आपटून पाहा. ज्या बॅटवरून चेंडू सर्वांत उंच उसळेल ती बाजूला काढा, मग रेघा मोजल्या तरी हरकत नाही.