पाणी गुरुवारी बंद, नळ कोरडा शुक्रवारी

पुणेकरांना महापालिकेचे ते निवेदन तोंडपाठ आहे. पर्वती, वारजे, लष्कर किंवा अन्य जलकेंद्रात विद्युत, पंपिंग आणि स्थापत्यविषयक देखभाल-दुरुस्तीची कामे असल्याने गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील आणि शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल. खाली भागांची लांबलचक यादी असते. वर्तमानपत्रात ते छापून आले, की त्याचा फोटो दहा मिनिटांत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो आणि पाठोपाठ सेक्रेटरींचा संदेश येतो : ‘उद्या पाणी येणार नाही. सर्वांनी पाणी जपून वापरावे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

या संदेशात खोटे काही नाही, पण रहिवाशाला हवे असलेलेही काही नाही. महापालिका सांगते ते तिच्या जलवाहिनीबद्दल. आपल्या घरातला नळ मात्र त्या वाहिनीला थेट जोडलेला नसतो. पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत पडते, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाक्यांत जाते आणि मग खाली घरोघरी उतरते. त्यामुळे वाहिनी बंद होण्याची वेळ आणि नळ कोरडा पडण्याची वेळ यांत अनेक तासांचे, कधी एका दिवसाहूनही जास्त अंतर असते. हे अंतर किती, हे फक्त त्या सोसायटीलाच ठाऊक असू शकते. म्हणून सूचना लिहिणे म्हणजे निवेदन पुढे ढकलणे नव्हे. टाकीचा हिशेब करून तो लोकांना सांगणे, हे खरे काम आहे.

हा हिशेब अवघड नाही. समजा, तीन विंगची 72 सदनिकांची सोसायटी आहे. घरटी चार माणसे धरली तर 288 जण. शहरात माणशी रोज 135 लिटर हे नियोजनाचे रूढ प्रमाण धरले, तर दिवसाला साधारण 39 हजार लिटर लागतात. जमिनीखालची टाकी पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि दोन मीटर खोल, म्हणजे 40 हजार लिटरची. गच्चीवर प्रत्येक विंगला दहा हजारांची एक, म्हणजे आणखी 30 हजार. एकूण 70 हजार झाले. पण खालच्या टाकीच्या तळाचे वीत-सव्वा वीत पाणी पंपाला ओढता येत नाही आणि ओढूही नये, कारण गाळ तिथेच असतो. ते पाच हजार वजा केले, की हाताशी खरे पाणी 65 हजार लिटर.

या सोसायटीत पालिकेचे पाणी रोज सकाळी सहा ते नऊ येते. बुधवारी सकाळी नऊला सगळ्या टाक्या भरल्या आणि त्यानंतर आवक थांबली. गुरुवारी सकाळी नऊपर्यंत 39 हजार लिटर खर्च झाले, उरले 26 हजार. दिवसाच्या वापरातला जवळपास निम्मा भाग सकाळच्या तीन तासांत होतो आणि उरलेला निम्मा दिवसभरात. त्या हिशेबाने गुरुवारी रात्रीपर्यंत आणखी साडेएकोणीस हजार गेले. शुक्रवारी पहाटे उरले साडेसहा हजार. सहाला अंघोळी सुरू झाल्या, की सातच्या सुमारास नळ बंद.

म्हणजे ज्या गुरुवारची सगळ्यांनी धास्ती घेतली तो दिवस निभावतो आणि पाणी जाते ते शुक्रवारी, शाळेच्या बसची वेळ असताना. ‘आता तर पुरवठा सुरू झाला ना?’ असा प्रश्न ग्रुपवर नेमका तेव्हा येतो आणि सेक्रेटरींचा फोन वाजायचा थांबत नाही.

शुक्रवारी पाणी उशिरा आणि कमी दाबाने का येते, हेही लोकांना एकदा समजावून सांगावे. त्याने बराच राग निवतो. जलकेंद्र बंद असताना शहरातल्या साठवण टाक्या उतरलेल्या असतात आणि वाहिन्या रिकाम्या होऊन त्यांत हवा शिरलेली असते. पंप सुरू झाल्यावर आधी या टाक्या आणि वाहिन्या भराव्या लागतात. त्यातच प्रत्येक इमारतीची जमिनीखालची टाकी रिकामी असते आणि तिचा फ्लोट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतो. सखल भागातल्या आणि वाहिनीच्या सुरुवातीच्या सोसायट्या पाणी ओढत राहतात, तोवर चढावरच्या आणि टोकाच्या सोसायट्यांकडे दाब पोचत नाही. यात कुणाचा कट नसतो. अशा वेळी दाब वाढवण्यासाठी पालिकेच्या नळाला थेट पंप लावण्याचा मोह होतो. ते बेकायदा आहेच, शिवाय त्या ओढीने फुटक्या सांध्यांतून बाहेरचे घाण पाणी वाहिनीत येऊ शकते.

हिशेब झाला, की सूचना जवळजवळ स्वतःच लिहिली जाते. माणशी वापर 135 वरून 100 लिटरवर आला, म्हणजे साधारण चौथा हिस्सा कमी झाला, तर 48 तासांत 78 हजारांऐवजी साडेअठ्ठावन्न हजार लिटर लागतात. शुक्रवारी सकाळी नऊला साडेसहा हजार शिल्लक राहतात आणि दुपारी एकपर्यंत ती पुरतात. एवढी बचत होते कुठून? मुख्यतः कपडे धुण्याच्या यंत्रातून, गाड्या आणि जिने पाइपने धुण्यातून आणि पुरवठ्याच्या वेळा ठरवण्यातून. ‘जपून वापरा’ म्हटल्याने काही वाचत नाही. काय दोन दिवस करायचे नाही, ते नाव घेऊन सांगावे लागते.

अशा सोसायटीसाठी मी सूचना लिहीन ती अशी :

‘मंगळवार, 10 मार्च, सायंकाळी 7. सर्व सभासद व भाडेकरूंसाठी. दुरुस्तीच्या कामामुळे गुरुवार, 12 मार्च रोजी पालिकेचे पाणी येणार नाही. शुक्रवार, 13 मार्च रोजी ते उशिरा व कमी दाबाने येईल. आपल्याकडे दुपारी एकच्या सुमारास येण्याची शक्यता आहे. टाक्यांतील साठा नेहमीच्या वापराने शुक्रवारी सकाळी सातपर्यंतच पुरेल. तो दुपारपर्यंत पुरावा म्हणून बुधवारी सकाळी 9 ते शुक्रवारी रात्री वॉशिंग मशीन लावू नये, गाड्या व जिने धुऊ नयेत. गुरुवारी व शुक्रवारी सकाळी 11 ते सायंकाळी 5 गच्चीवरील टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद राहतील. पिण्याचे पाणी आणि दोन बादल्या घरात भरून ठेवाव्यात. पिंपे भरू नयेत. नळाला पाणी नसेल तेव्हा तो बंद असल्याची खात्री करावी व गीझर बंद ठेवावा. घरात आजारी व्यक्ती किंवा तान्हे बाळ असल्यास सुरक्षारक्षकांच्या केबिनमध्ये कळवावे, पाणी घरपोच देऊ. पुढील माहिती गुरुवारी सायंकाळी 7 वाजता याच ग्रुपवर येईल.’

यातल्या काही ओळींमागे कडू अनुभव आहेत. पिंपे भरू नयेत, हे लिहिले नाही तर सूचना वाचताच 72 घरांत नळ एकदम सुटतात. घरटी शंभर लिटर जादा भरले, तरी सात हजारांहून जास्त लिटर टाकीतून निघून जातात आणि वरच्या टाक्या बुधवारीच खडखडतात. नवे पाणी आले, की यातले पुष्कळसे ‘शिळे’ म्हणून मोरीत ओतले जाते. बंद नळाची ओळ तर मी कधीच गाळणार नाही. पाणी नाही म्हणून कुणीतरी नळ फिरवून पाहतो, तो तसाच उघडा ठेवून कुलूप लावून कामावर जातो आणि संध्याकाळी पाच वाजता व्हॉल्व्ह उघडला, की जिन्यातून पाणी वाहू लागते. दुपारी कोणत्या मजल्यावर कोण नाही, हे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याला कसे कळणार?

तारखा आणि वार लिहिण्याचे कारणही साधेच आहे. ग्रुपवरचा संदेश कुणी रात्री बारानंतर वाचतो, कुणी तीन महिन्यांनी चुकून पुढे पाठवतो. ‘उद्या’ म्हणजे नक्की कधी, हे तेव्हा कळत नाही. हीच सूचना छापून लिफ्टमध्ये आणि फलकावर लावावी, कारण एकटे राहणारे आजी-आजोबा आणि घरकामाला येणाऱ्या ताई ग्रुपवर नसतात. भांडी आणि कपडे मात्र त्या ताईच धुतात. ग्रुपवर त्या दोन दिवसांपुरते फक्त ॲडमिनना लिहिता येईल असे ठेवले तर मूळ सूचना ‘ओके’ आणि नमस्कारांच्या ढिगाखाली जात नाही.

टँकरचे मात्र आधीच ठरवावे. हा साठा शुक्रवारी दुपारी एकच्या पुढे फार काळ टिकणारा नाही आणि शुक्रवारी सकाळी सगळे शहर टँकरवाल्याला फोन लावत असते. म्हणून दहा हजार लिटरचा एक टँकर गुरुवारी संध्याकाळीच सांगून ठेवावा आणि पाणी आले नाही तरच मागवावा. टँकरचे पाणी बहुतेकदा विहिरीचे किंवा बोअरचे असते. ते टाकीत घेतले, तर ‘आजचे पाणी पिऊ नये’ ही स्वतंत्र सूचना त्याच क्षणी गेली पाहिजे. अग्निशमनाच्या टाकीला हात लावायचा नाही, कितीही ओढाताण झाली तरी.

शुक्रवारी पाणी आले, की सूचनेचे काम निम्मेच होते. रिकाम्या वाहिनीत गळतीच्या जागांतून बाहेरचे पाणी शिरलेले असू शकते आणि पहिल्या लोंढ्याबरोबर साचलेला गाळ सुटतो. म्हणून टाकीत घेण्याआधी सुरुवातीचे पाणी बाहेर सोडून, पांढऱ्या बादलीत पाहून, मगच टाकीत घ्यावे. रहिवाशांनी एक पेला भरून बाजूला ठेवावा. पाणी दुधाळ दिसत असेल आणि तळाकडून वर स्वच्छ होत गेले, तर ती नुसती हवा आहे, घाबरायचे कारण नाही. तळाशी माती बसली किंवा वास आला, तर ते पिऊ नये आणि शुद्धीकरण यंत्रातूनही घालू नये, गाळाने त्याची गाळणी तुंबते. पाणी स्वच्छ दिसले तरी शनिवारपर्यंत पिण्याचे पाणी खळखळून उकळून घ्यावे.

अचानक वाहिनी फुटली, तर वेळ कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा अंदाजाने ‘तासाभरात येईल’ असे लिहिणे सर्वांत वाईट. तो तास उलटला, की पुढच्या प्रत्येक शब्दावरचा विश्वास जातो. त्यापेक्षा टाकीत आता किती आहे, ते किती वाजेपर्यंत पुरेल आणि पुढचा संदेश किती वाजता येईल, एवढ्या तीन गोष्टी लिहाव्यात. ठरल्या वेळी नवे काहीच कळले नसले तरी ‘काम चालू आहे, वेळ अजून मिळालेली नाही’ असा संदेश टाकावा. लोक पाण्याविना तासभर थांबतात, उत्तराविना थांबत नाहीत.

सेक्रेटरींना आणि समितीच्या सदस्यांना एक विनंती. या रविवारी फीतपट्टी घेऊन पंपघरात जा. टाकीची लांबी, रुंदी आणि खोली मीटरमध्ये मोजा, तिन्ही आकड्यांचा गुणाकार करून हजाराने गुणा. आलेला आकडा लिटरचा. वर सांगितलेल्या टाकीत एक सेंटिमीटर पातळी म्हणजे 200 लिटर. तुमच्या टाकीत किती, ते काढा आणि पंपाच्या स्विचशेजारी भिंतीवर ठळक रंगवून ठेवा. सुरक्षारक्षकाला खुणा केलेली एक काठी द्या. पुढच्या वेळी निवेदन आले, की सूचना लिहायला पाच मिनिटे पुरतील.