कुंपणालगतच्या खांबाचा पाया

कुंपणालगतच्या खांबाचा फूटिंग शेजाऱ्याच्या जागेत नेता येत नाही. एकाच बाजूला वाढवला, तर भार कडेवर येऊन तो कलतो. म्हणून आतल्या खांबासह दोघांना एकच जोडपाया देतात.

समजा, हद्दीपासून 0.2 मीटरवरच्या खांबावर 60 टन आणि त्यापुढे 4 मीटरवरच्या आतल्या खांबावर 90 टन भार आहे. एकत्रित भाराचा मध्य हद्दीपासून 2.6 मीटरवर येतो. पायाचा मध्यही तिथेच हवा, म्हणजे जमिनीवर दाब सारखा पडतो. म्हणून 5.2 मीटर लांबीचा आयत पुरतो.

भार उलटे असते, तर मध्य 1.8 मीटरवर सरकला असता. 3.6 मीटरचा आयत आतल्या खांबापर्यंत पोचतच नाही. मग हद्दीकडे रुंद, आत निमुळता समलंब पाया घेतात.