ताप उतरल्यावर

दिल्लीच्या उत्तरेकडील टेकडीवर असलेल्या हिंदूराव रुग्णालयात पावसाळ्यानंतर डेंग्यूचे रोगी येतात. समजा, अशा एका तरुणाचा ताप पाचव्या दिवशी उतरला. घरची माणसे निश्चिंत झाली. परिचारिकेला मात्र त्याचे हात गार लागले. रक्तदाब १००/८० भरला. वरचा आकडा ठीकच. पण दोहोंतील अंतर, जे एरवी ४० च्या आसपास असते, ते अवघे २०! ही झाली नोंद. डेंग्यूत ताप उतरतानाच केशवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरू लागतो. तेव्हा हा नुसता थकवा नसून रक्ताभिसरण खचण्याचा आरंभ होय, असा अर्थ तिने लावला व डॉक्टरांना बोलाविले. त्यांनी तत्काळ शिरेतून क्षारद्रव सुरू केला. तासाभराने रक्तदाब व लघवी पुन्हा पाहिली, कारण अतिरिक्त द्रव फुप्फुसांभोवती साचतो. अंतर ३५ झाले, हात उबदार लागले. तेव्हा द्रवाचा वेग कमी करण्यात आला.