संच बिलातून ठरवा

दिवाळीचा अभ्यंगस्नान संच करताना आधी जुनी बिले पाहावीत. उटणे, सुगंधी तेल आणि साबण एकाच बिलात वारंवार दिसत असतील, तर तो संच गिऱ्हाइकांनीच ठरवलेला असतो. पडून राहिलेला माल संचात घालून खपवावा, असे अनेकांना वाटते. पण नको असलेली वस्तू दिसली की गिऱ्हाईक संच सोडून सुटे उटणेच घेते. उटणे ६०, तेल १४०, साबण ५० मिळून २५० होतात. संच २३० ला द्यायचा, तर २० रुपयांची सूट एकत्र पॅकिंग आणि कुरिअरच्या बचतीतून निघायला हवी. मातीची पणती करमुक्त असली, तरी एकाच किमतीच्या अशा संचात ती घातली, तर जीएसटीचा सर्वांत वरचा दर पूर्ण रकमेवर लागतो. म्हणून ती सुटीच विकावी.

संचांमुळे ऑनलाइन दुकानातील शोधात गोंधळ होतो, हा आक्षेप खरा आहे, पण तो एकाच वस्तूचे पाच संच केल्याने होतो. संच एकच ठेवावा, नाव ‘अभ्यंगस्नान संच’ असे स्वतंत्र द्यावे आणि ‘उटणे’ शोधणाऱ्याला सुटे उटणे आधी दिसू द्यावे. संचाची विक्री वाढूनही एकूण बिलाची सरासरी वाढली नाही, तर तो बंद करावा.