मोबाईलच्या भावाचा आलेख वाचून खरेदी कधी करावी?

कांदा बाजारात न्यायचा तर आपण आधी आठ-पंधरा दिवसांचे बाजारभाव पाहतो. किमान भाव किती, कमाल किती आणि सर्वसाधारण किती हे तीन आकडे आपल्याला पाठ असतात. कमाल भाव हा एखाद्या निवडक वक्कलाला मिळालेला असतो व आपल्या मालाला तो मिळेलच असे नाही, हेही आपण जाणतो. मात्र हाच शेतकरी चौदा हजारांचा मोबाईल घ्यायला बसला म्हणजे पडद्यावरील ‘३० टक्के सूट’ ही अक्षरे पाहून लगेच बोट दाबतो. कांद्याला लावतो तीच नजर मोबाईलच्या भावाला कशी लावावी, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

इंटरनेटवरील दुकानांत मोबाईलचा भाव वर्षभर खालीवर होत असतो. हे भाव रोजच्या रोज टिपून ठेवणारी काही संकेतस्थळे आहेत. Keepa हे त्यांतील एक जुने नाव असून ॲमेझॉनच्या भारतीय दुकानातील वस्तूंचे आलेखही त्यावर पाहावयास मिळतात. इतर दुकानांचे भाव टिपणारी संकेतस्थळेही आहेत. रीत सर्वांची साधारण सारखीच. दुकानाच्या पानावर हवा तो मोबाईल उघडावा, ‘शेअर’ वर बोट ठेवून त्या पानाची लिंक उचलावी आणि भाव दाखविणाऱ्या संकेतस्थळाच्या चौकटीत ती चिकटवावी, म्हणजे आलेख समोर येतो. यासाठी बँकेचा क्रमांक, आधार किंवा ओटीपी यांपैकी काहीही द्यावे लागत नाही. कोणी मागितल्यास ते पान तेथेच बंद करावे.

लिंक उचलताना एक गोष्ट नीट तपासावी. एकाच नावाचा मोबाईल ४ जीबी व ६ जीबी रॅममध्ये, ६४ व १२८ जीबी साठवणीत येतो आणि प्रत्येकाचा भाव निराळा असतो. काही वेळा रंगाप्रमाणेही फरक पडतो. आपण घेणार एक आणि आलेख पाहणार दुसऱ्याचा, असे झाले तर सगळा हिशेबच फसतो.

आता आलेखाकडे वळू. आडव्या रेषेवर तारखा असतात व उभ्या रेषेवर रुपये. भावाची रेघ पायऱ्यांसारखी दिसते. भाव बदलला नाही तोवर ती सरळ आडवी चालते, बदलला की एकदम खाली किंवा वर उडी घेते. मधेच रेघ तुटलेली दिसली तर त्या दिवसांत बहुधा माल शिल्लक नव्हता असे समजावे. सर्वप्रथम उभ्या रेषेवरील तळचा आकडा वाचावा. तो पुष्कळदा शून्य नसतो. तळाला १३,००० आणि माथ्याला १४,००० असतील, तर तीनशे रुपयांचा उतारही दरीसारखा भासतो. डोळ्याला दिसते त्यावर न जाता नेहमी आकडेच वाचावेत. त्याचप्रमाणे आलेख एक महिन्याचा उघडला असेल तर तो वर्षाचा करून घ्यावा. महिन्याच्या आलेखावरून भाव ठरविणे म्हणजे एका पावसावरून पाऊसमान सांगण्यासारखे आहे.

नमुन्यासाठी एका मोबाईलचा आलेख घेऊ. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत, पण असे आलेख आपल्याला हमखास दिसतील. मोबाईल गेल्या मार्चमध्ये १५,९९९ रुपयांना बाजारात आला. जुलै अखेरपर्यंत रेघ तेथेच आडवी होती. ऑगस्टमध्ये पाच-सहा दिवस ती १४,४९९ वर आली आणि पुन्हा १५,४९९ वर गेली. दसरा-दिवाळीच्या आधी दहा दिवस १२,९९९ भाव होता. त्यातही पहिल्या दिवशी सुईसारखी एक बारीक रेघ ११,९९९ ला टेकून लगेच वर आली. पुढे १४,४९९, मग जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पाच दिवस १३,४९९ आणि फेब्रुवारीपासून आज जूनपर्यंत सरळ १३,९९९. दुकानाच्या पानावर मात्र आज असे लिहिलेले आहे: १९,९९९ ही किंमत खोडून १३,९९९, म्हणजे ३० टक्के सूट.

या आलेखात पहिल्यांदा सर्वसाधारण भाव शोधावा. अलीकडच्या काळात रेघ जास्तीत जास्त दिवस जेथे आडवी पडून आहे, तो सर्वसाधारण भाव. येथे तो १३,९९९ आहे. म्हणजे ३० टक्के सूट म्हणून जे दाखविले जाते, तो गेल्या चार महिन्यांचा रोजचाच भाव आहे. खोडलेले १९,९९९ हे छापील कमाल मूल्य असून आलेखात त्या भावाला हा मोबाईल एक दिवसही विकला गेलेला नाही. खोडलेल्या किमतीवरून सूट मोजायची नाही. सर्वसाधारण भावापासून खाली किती, तीच खरी सूट.

त्यानंतर खळगे पाहावेत. ऑगस्ट, दसरा-दिवाळीपूर्व आणि जानेवारी या काळात मोठ्या दुकानांचे सेल लागतात. फ्लिपकार्टचा दिवाळीपूर्व मोठा सेल २०१४ साली सुरू झाला व ॲमेझॉनचा त्याच्या पुढच्या वर्षी. तेव्हापासून वर्षातला सर्वांत खोल खळगा बहुधा याच सुमारास पडतो. पण खळग्याची खोली मोजताना त्यातली सुई बाजूला ठेवावी. ११,९९९ चा भाव काही तासच होता. तेवढ्या वेळात माल थोडा असतो, विकणाराही कधी अनोळखी असतो, आणि आपल्या गावाच्या पिनकोडला तो पोहोचवतात की नाही हेही आलेखाला ठाऊक नसते. तो त्या निवडक वक्कलाचा भाव समजावा. आपल्या हाती लागण्याजोगा नीचांक दहा दिवस टिकलेला १२,९९९ हाच.

सेलच्या आधीचे दोन आठवडेही बारकाईने पाहावेत. कित्येक मोबाईलची रेघ सेलपूर्वी थोडी वर चढवलेली दिसते. १३,९९९ चा भाव १५,४९९ केला आणि सेलमध्ये १३,४९९ लावला, की जाहिरातीत दोन हजारांची घट म्हणता येते. आपल्या दृष्टीने घट पाचशेचीच. आलेखाचा हा फार मोठा उपयोग आहे, आणि माझ्या मते सामान्य ग्राहकाला एवढे जरी कळले तरी पुरे.

आलेखात जे दिसत नाही तेही सांगितले पाहिजे. शेजारच्या गावातला कोणी म्हणेल, “मी हाच मोबाईल ११,७०० ला घेतला.” तो खोटे बोलतो असे नाही. विशिष्ट बँकेच्या क्रेडिट कार्डावरची सवलत, कूपन किंवा जुना मोबाईल देऊन मिळालेली वजावट बहुधा आलेखात धरलेली नसते. जाहिरातीतील मोठ्या आकड्यापुढे बारीक चांदणी असते, ती याचीच खूण. आपल्याकडे ते कार्ड नसेल तर तो भाव आपला नव्हे. अशा घरासाठी जाहिरातीपेक्षा आलेखातली रेघच खरी.

आता थांबावे की घ्यावा? आमच्याकडे आलेल्या एका शेतकरी भगिनीने नेमका हाच प्रश्न विचारला. “साहेब, दिवाळीला हजार रुपये कमी होतील म्हणता, मग थांबू का?” त्यांच्या घरी एकच मोबाईल, त्याची काच फुटलेली, आणि मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाचे सगळे संदेश त्यावर यायचे. काच बदलायला तालुक्याला १,८०० रुपये सांगितले होते. हिशेब उघड आहे. ऑगस्टपर्यंत थांबले तर साधारण पाचशे वाचण्याची शक्यता, दिवाळीपूर्वी हजारभर. त्यासाठी आज १,८०० घालायचे, आणि एवढे करूनही प्रवेशाचा संदेश चुकण्याची भीती राहते. त्यांनी जूनमध्येच घेतला, हे बरोबर झाले.

याउलट ज्यांचा जुना मोबाईल नीट चालतो, त्यांनी जरूर थांबावे. मात्र केव्हापर्यंत, ते आधीच ठरवावे. खरिपाची ई-पीक पाहणी स्वतः नोंदवायची तर पावसाळ्यातच फोटो काढू शकणारा मोबाईल हाताशी लागतो. त्यांना ऑगस्टचा सेल सोयीचा. भाव टिपणाऱ्या संकेतस्थळावर हवा तो आकडा लावून ठेवता येतो व भाव तेथे आला की सूचना येते. या मोबाईलसाठी १३,५०० लावावे. ११,९९९ लावून बसलात तर सूचना कदाचित कधीच यायची नाही. पैसे उसने काढायचे असतील तर व्याजही या हिशेबात धरावे. शेकडा तीन रुपयांनी १४,००० वर महिन्याला ४२० रुपये होतात, म्हणजे ऑगस्टच्या सेलमधली जवळजवळ सगळी बचत एका महिन्याच्या व्याजात जाते. अशा घराने मूग-उडदाचे पैसे हाती येईपर्यंत थांबणेच बरे.

थांबण्यालाही मर्यादा आहे. मोबाईल जुना होत जातो तशी त्याची रेघ टप्प्याटप्प्याने उतरते, आणि त्याच कंपनीचा पुढचा मोबाईल आला की आणखी एक पायरी खाली येते. परंतु त्यानंतर माल संपत आला म्हणजे रेघ तुटू लागते व उरलेला माल चढ्या भावाने विकला जातो. तुटक आणि वर चढणारी रेघ दिसली तर त्या मोबाईलची वाट पाहू नये, दुसरा पाहावा. शिवाय कंपनी सुरक्षेची नवी दुरुस्ती ठराविक वर्षेच पुरवते व ती वर्षे मोबाईल बाजारात आल्यापासून मोजली जातात. दोन वर्षे जुना मोबाईल हजाराने स्वस्त मिळाला, तरी त्याची दोन वर्षे दुकानातच खर्ची पडलेली असतात.

आलेख मागचे सांगतो, पुढचे नाही. १ एप्रिल २०२० पासून मोबाईलवरील जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला, तेव्हा कर वाढला तसे भावही वाढले. आदल्या वर्षाच्या आलेखात त्याची चाहूल कोठेच नव्हती.

शेवटी, घेण्यासाठी इंटरनेटवरच जावे असे मुळीच नाही. सर्वसाधारण भावाचा आकडा कागदावर लिहून तालुक्याच्या दुकानात जावे आणि तो दाखवून बोलणे करावे. दुकानदार दोन-तीनशे रुपये जास्त घेईल, पण काच-कव्हर लावून देईल, जुन्या मोबाईलमधले नंबर नव्यात घालून देईल व बिघाड झाला तर समोर भेटेल. जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. नव्या मोबाईलवर *#०६# असे दाबले की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो खोक्यावर आणि बिलावर तोच आहे ना, हे पैसे देण्याआधी ताडून पाहावे.