मांडवातले हिशेब – भाग ४ : रांग आहे, तरी बेड रिकामे

रविवार, सकाळचे सव्वाअकरा. मंडळाच्या मांडवात सहा बेड मांडलेत, त्यांतले दोन रिकामे. रक्तपेढीचा तंत्रज्ञ हात बांधून उभा आहे. आणि बाहेर रस्त्यापर्यंत रांग! अध्यक्ष माईकवरून आणखी रक्तदात्यांना आवाहन करतायत. हे दृश्य मी इतक्या शिबिरांत पाहिलंय की आता बेडकडे न बघता आधी डॉक्टरांच्या टेबलाकडे बघतो. खोळंबा तिथेच असतो.

हिशेब सोपा आहे. दाता बेडवर आडवा झाला, शीर सापडली, पिशवी भरली, सुई काढून कापूस दाबला आणि थोडा वेळ पडून राहिला, की साधारण पंधरा मिनिटं जातात. पिशवी भरायला त्यातली सातआठच लागतात, पण बेड पंधरा मिनिटं अडतो. म्हणजे एका बेडवर तासाला चार आणि सहा बेडवर चोवीस दाते होतात.

आता बेडच्या आधीचं बघू. अर्ज भरणं, वजन, बोटाला टोचून हिमोग्लोबिन. अजूनही पुष्कळ ठिकाणी मोरचुदाच्या निळ्या द्रावणात रक्ताचा थेंब सोडतात. तो सरळ तळाला गेला तर दाता पास, तरंगला किंवा मधेच रेंगाळला तर हिमोग्लोबिन साडेबारापेक्षा कमी असल्याचा संशय. मग डॉक्टर बीपी बघतात, आजार, औषधं विचारतात. घाई न करता माणशी तीन मिनिटं धरली, तर एक डॉक्टर तासाला वीस जण तपासतो. आमच्याकडे पाचातला एक तरी परत जातो. उरले सोळा. चोवीसची सोय आणि सोळा माणसं, म्हणजे सहापैकी दोन बेड दिवसभर रिकामे राहणारच. माईकवर कितीही ओरडा, रांग वाढेल, बेड भरणार नाहीत.

म्हणून वेळा द्यायच्या त्या तपासणीच्या टेबलाला धरून. रक्तपेढीकडून दुसरा डॉक्टर मिळत असेल तर आधीच मागून घ्यावा. नसेल तर सहा बेडचा हट्ट सोडून चारच मांडावेत. दोन डॉक्टर आहेत असं धरून आम्ही पाव तासाला दहा नावं लिहितो. बोलावलेल्या चारांतला एक येत नाही हा आमच्या वहीतला अनुभव, त्यामुळे येतात सातआठ, पास होतात सहा, आणि बेडही सहाच. तुमच्या मंडळाचं प्रमाण वेगळं असेल. मागच्या शिबिराचे अर्ज काढून मोजा.

दहाच्या दहा जागा मात्र फोनवर वाटू नयेत. आरती संपली की वीसेक जण आपसूक आत शिरतात. त्यांना परत कसं पाठवणार? पाव तासाला दोन जागा त्यांच्यासाठी मोकळ्या ठेवतो आणि बाकीच्यांच्या हातात वेळ लिहिलेली चिठ्ठी देतो. ‘पावणेबाराला या’ म्हटलं की माणूस खुशाल घरी जाऊन येतो. ‘थांबा जरा’ म्हटलं की अर्ध्या तासाने वैतागून जातो तो जातोच.

नाव लिहून घेतानाच फोनवर विचारून घ्यावं : शेवटचं रक्तदान कधी, वजन पंचेचाळीस किलोच्या वर आहे ना, सध्या कसली गोळी चालू आहे? पुरुषांना तीन महिने आणि बायकांना चार महिने झालेले असावे लागतात, हे कळल्यावर बरीच नावं तिथेच गळतात आणि डॉक्टरांची मिनिटं वाचतात. निघताना खाऊन या, हेही सांगावं. रविवारचा उपास करणारे आमच्या पेठेत कमी नाहीत. अर्थात फोनवर हो म्हटलं म्हणून डॉक्टरांची तपासणी टळत नाही.

सुरुवातीची एक चूक सगळे करतात. पत्रकावर नऊ वाजता रक्तदान छापतात आणि पहिली नावंही नऊचीच देतात. पहिला दाता बेडपर्यंत पोचायला वीस मिनिटं लागतात, तोवर सगळे बेड थंड. डॉक्टरांची मांडणी आधी लागत असेल तर पहिल्या दहा जणांना पावणेनऊला बोलवा. शेवटीही तसंच, बेड आवरायच्या पाऊण तास आधी नवी नोंदणी बंद.

मधल्या वेळात मी फक्त डॉक्टर आणि बेड यांच्या मधल्या खुर्च्या बघतो. तपासून झालेले दोनतीन जण तिथे बसलेले असले की ठीक चाललंय. सहासात जण साचले, तर एखाद्याला घेरी येऊन बेड अडकलाय किंवा शीर सापडत नाहीये; पुढच्या दहांना फोन करून पंधरा मिनिटं उशिरा बोलवावं. खुर्च्या रिकाम्या आणि डॉक्टरांपुढे रांग, तर तपासणी तुंबलीय. तिथे आणखी माणसं बोलावून उपयोग नाही. दोन्हीकडे शुकशुकाट असेल तेव्हाच यादी उघडायची आणि साडेबाराच्या काकांना विचारायचं, “काका, नाश्ता झाला असेल तर आत्ताच येता का?”