सडका कठडा आणि घरमालक

मुंबईच्या जुन्या चाळीत पाहुणा गॅलरीच्या लाकडी कठड्याला टेकला, कठडा तुटला आणि तो खाली पडला. भरपाई कोणाकडे मागायची? भाडेकरार त्याच्याशी झालेला नसतो. त्याचा दावा निष्काळजीपणाचा. सामाईक गॅलरी सहसा मालकाच्याच ताब्यात असते, त्यामुळे बोट आधी त्याच्याकडे जातं. कठडा सडल्याचं त्याला माहीत होतं का, किंवा नीट पाहिलं असतं तर कळलं असतं का, हा खरा प्रश्न. लाकूड खांब जमिनीत शिरतो तिथे आधी कुजतं. वरचा रंग शाबूत दिसतो, पण स्क्रूड्रायव्हर टोचला की आत रुततो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 नुसार, वेगळा करार नसेल तर दुरुस्ती मालकाचीच. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही तो हलला नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाला भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापुरताच. पागडीच्या भाड्यात तेवढ्याने सुताराची मजुरीसुद्धा भागायची नाही! तरीही नोटीस द्यावीच, पोच जपून ठेवावी. उद्या पाहुण्याच्या दाव्यात ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणणाऱ्या मालकासमोर तोच कागद ठेवता येतो.